ब्रँडेड आणि नॉन-ब्रँडेड शोध अहवालात वेगळे कसे करावेत: हापूस विकणाऱ्या एका दुकानाच्या आकड्यांवरून

गूगलमधून एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. काहींना दुकानाचे नाव आधीच ठाऊक असते आणि ते थेट तेच नाव शोधपेटीत टाइप करतात; अशा शोधाला ब्रँडेड शोध म्हणतात. इतरांना दुकान ठाऊक नसते, त्यांना फक्त वस्तू हवी असते, म्हणून ते ‘रत्नागिरी हापूस ऑनलाइन’ किंवा ‘हापूस पेटी किंमत’ असे काही शोधतात. हा नॉन-ब्रँडेड शोध. महिनाअखेरीच्या अहवालात मात्र बहुतेक वेळा या दोन्हींची बेरीज करून ‘गूगल सर्चमधून आलेले क्लिक’ असा एकच आकडा दिला जातो. त्या आकड्यावरून सर्चने नवे ग्राहक आणले, की आधीच नाव ऐकलेल्यांना केवळ दार दाखवले, हे कळण्याचा मार्ग नसतो.

ही विभागणी कशी करायची हे दाखवण्यासाठी या लेखापुरते एक काल्पनिक दुकान घेऊ. त्याचे नाव ‘सुरंगी’. ते रत्नागिरीहून हापूस, कोकम आगळ आणि आंबापोळी घरपोच पाठवते. पुढे येणारे त्याचे सर्व आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. नाव मात्र मुद्दाम अडचणीचे निवडले आहे, कारण सुरंगी हे कोकणातल्या एका सुवासिक फुलाचेही नाव आहे आणि त्याच्या गजऱ्याचा शोध घेणाऱ्यांना आंब्याशी काही देणेघेणे नसते.

नावाच्या रूपांची यादी

पहिले काम संगणकाचे नसून कागदाचे आहे. लोक दुकानाचे नाव ज्या ज्या रूपांत लिहितात ती सर्व रूपे एका ठिकाणी उतरवून घ्यावीत. ही यादी मनाने रचू नये. संकेतस्थळ कोणत्या शोधांत दिसले आणि त्यावर किती क्लिक झाले हे सांगणाऱ्या सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात दिसणारे शोध, ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि कुरिअरच्या पावत्यांवरील नोंदी चाळल्या, की मालकाच्या कल्पनेतही नसलेली रूपे सापडतात. मराठी नाव रोमन लिपीत लिहिण्याची एकच ठरलेली पद्धत नसल्यामुळे `surangi`, `soorangi`, `surangee` ही सर्व रूपे एकाच दुकानासाठी येतात. देवनागरीत ‘सुरंगी’बरोबर ‘सुरंगि’ आणि ‘सूरंगी’ही येतात.

यादीत काय घालायचे याइतकेच काय घालायचे नाही हेही ठरवावे लागते. ‘surang’ एवढाच तुकडा घातला, तर हिंदीत बोगद्याला ‘सुरंग’ म्हणतात म्हणून बोगद्यांविषयीचे शोधही ब्रँडेड ठरतील. ‘sarangi’ ही चूक काही ग्राहक नक्की करतात, पण ते एका वाद्याचे नाव आहे. दोन-चार क्लिक मिळवण्यासाठी तो शब्द यादीत घेणे महागात पडते. ज्यांच्या दुकानाच्या नावातच गावाचे नाव असते त्यांची अडचण याहून मोठी असते. समजा, नावात ‘देवगड’ आहे. ‘देवगड हापूस’ शोधणारा माणूस तुम्हाला ओळखत असतोच असे नाही, तो त्या भागाचा आंबा शोधत असतो. हा शोध ब्रँडेड मानला, तर नव्या ग्राहकांचा सर्वांत मोठा ओघ चुकीच्या खान्यात जातो. अशा वेळी गावाचे नाव आणि दुकानाचा वेगळा शब्द दोन्ही एकत्र आले, तरच तो शोध ब्रँडेड धरावा. प्रतिस्पर्धी दुकानांची नावे असलेले शोध तुमच्यासाठी नॉन-ब्रँडेडच असतात. ते संख्येने बरेच असतील, तरच त्यांची वेगळी नोंद ठेवावी.

सर्च कन्सोलमधील गाळणी

जाहिरातीशिवाय येणाऱ्या क्लिकांसाठी गूगल सर्च कन्सोलमधील `Performance` अहवाल उघडावा. वरच्या पट्टीतील `Add filter` मधून `Query` निवडावे आणि तेथे `Custom (regex)` हा पर्याय घ्यावा. रेजेक्स म्हणजे अनेक शब्दरूपे एकाच ओळीत सांगण्याची लिखाणपद्धत. तिच्यातील उभी रेघ ‘किंवा’ या अर्थी येते. आपल्या दुकानासाठी ओळ अशी होईल:

```
s(u|oo)rang(i|ee|y)|सुरंगी|सुरंगि|सूरंगी
```

`Matches regex` ठेवले की वरचे आकडे ब्रँडेड शोधांचे होतात, आणि `Doesn't match regex` केले की उरलेल्यांचे. या गाळणीत लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत फरक केला जात नाही, त्यामुळे दोन्ही रूपे लिहिण्याची गरज नसते.

आता फुलाचा प्रश्न. ‘सुरंगी गजरा’ हा शोध वरच्या ओळीत अडकतो, पण तो ब्रँडेड नाही. ‘हा शब्द असावा, पण त्याच्या पुढे तो नसावा’ असे एका ओळीत सांगण्याची सोय काही रेजेक्स प्रकारांत असते. गूगल वापरते त्या आरई-टू या प्रकारात ती नाही. म्हणून सोपा मार्ग घ्यावा. फुलाच्या शोधांची दुसरी ओळ वेगळी चालवावी आणि तिचे क्लिक ब्रँडेडमधून वजा करून नॉन-ब्रँडेडमध्ये मिळवावेत.

```
(surangi|सुरंगी).*(flower|gajra|फूल|फुल|गजरा)
```

मग नुसता ‘सुरंगी’ हा एकच शब्द उरतो. तो टाइप करणाऱ्याला फूल हवे की आंबा, हे शब्दावरून ठरवता येत नाही, पण क्लिकवरून बरेचसे ठरवता येते. फूल शोधणारा माणूस आंब्याच्या पेटीचे छायाचित्र असलेल्या निकालावर सहसा क्लिक करत नाही. त्यामुळे या शब्दाचे क्लिक ब्रँडेड मानण्यास हरकत नाही. मात्र त्याचे इम्प्रेशन, म्हणजे निकाल किती वेळा दिसला तो आकडा, फुलाच्या शोधकांनी फुगलेला असतो, आणि क्लिकचे शेकडा प्रमाण त्यामुळे उगाच कमी दिसते. म्हणून अशा दुअर्थी नावांच्या बाबतीत अहवालात क्लिकच मोजावेत.

नाव लहान असेल आणि ते दुसऱ्या शब्दाच्या पोटात येत असेल, तर आणखी एक खाचखळगा आहे. ‘मेवा’ हे नाव ‘सुकामेवा’मध्येही सापडते. इंग्रजी शब्दांसाठी अशा वेळी दोन्ही टोकांना `\b` ही शब्दसीमेची खूण लावतात, पण आरई-टूमध्ये ती खूण फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच ओळखते. देवनागरी शब्दाला ती लावली, तर गाळणी कोणतीही चूक न दाखवता शून्य क्लिक देते, आणि नवशिक्याला वाटते की आपले नाव कोणी शोधतच नाही. देवनागरीसाठी सीमा अशी लिहावी:

```
(^|\s)मेवा(\s|$)
```

गाळणी बरोबर बसली का हे पाहण्यासाठी आकड्यांपेक्षा खालची शोधांची यादी वाचावी. ब्रँडेड बाजूचे पहिले शंभर शोध आणि दुसऱ्या बाजूचे पहिले दोनशे डोळ्यांखालून घातले, की चुकून सुटलेली रूपे लगेच दिसतात. नॉन-ब्रँडेड यादीत एखाद्या शोधाचे क्लिक-प्रमाण बाकीच्यांच्या कितीतरी पट असेल, तर तेथे बहुधा नावाचे एखादे नवे रूप लपलेले असते, कारण नाव शोधणारे लोक पहिल्या निकालावर क्लिक करतात आणि वस्तू शोधणारे चार ठिकाणी विखुरतात. या यादीत आणि तिच्या निर्यातीत हजारच ओळी मिळतात हे लक्षात ठेवावे. म्हणून यादी तपासणीसाठी वापरावी आणि एकूण आकडा आलेखाच्या वर दिसतो तोच घ्यावा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने सर्च कन्सोलमध्येच ब्रँडेड शोधांची तयार गाळणी जाहीर केली. तिच्यात कोणता शोध ब्रँडेड हे गूगलची यंत्रणा स्वतः ठरवते, आणि ती पुरेसे शोध येणाऱ्या मुख्य संकेतस्थळांनाच मिळते. ती उपलब्ध असेल, तर तुमच्या ओळीशी ताडून पाहण्यासाठी जरूर वापरावी. पण अहवालाचा पाया स्वतःच्या ओळीवरच ठेवावा, कारण सुरंगीचे फूल कोणत्या खान्यात गेले हे स्वतःच्या ओळीत वाचता येते.

न दिसणारा तिसरा भाग

ब्रँडेड आणि नॉन-ब्रँडेड क्लिकांची बेरीज गाळणी नसतानाच्या एकूण क्लिकांइतकी येत नाही. येथे अनेक जण गोंधळतात आणि काही जण गाळणीच चुकली असे समजून ती सोडून देतात. कारण वेगळे आहे. फारच थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणासाठी लपवते. त्यांचे क्लिक एकूण आकड्यात धरलेले असतात, पण शोधावर कोणतीही गाळणी लावली, की ते दोन्ही बाजूंतून गळतात. `Doesn't match regex` ही उलटी गाळणीही त्यांना परत आणत नाही. उरलेला फरक प्रामुख्याने या लपलेल्या शोधांचा असतो.

यावर एक वाईट उपाय प्रचलित आहे: एकूणातून ब्रँडेड वजा करायचे आणि उरलेले सर्व नॉन-ब्रँडेड म्हणून दाखवायचे. असे केल्याने लपलेले सगळे क्लिक नव्या ग्राहकांच्या खात्यात जमा होतात, आणि हा आकडा अहवाल लिहिणाऱ्याला सोयीचा असल्यामुळे त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. लपलेला भाग स्वतंत्र ओळीत ठेवणे, हेच माझ्या मते योग्य. क्वचित येणारे शोध बरेचदा लांबलचक आणि नॉन-ब्रँडेड असतात हे खरे, पण ‘सुरंगी आंबेवाल्यांचा फोन नंबर’ हाही क्वचित येणाराच शोध आहे.

दोन हंगामांची तुलना

आता दुकानाचे आकडे पाहू. तुलनेचा कालखंड निवडताना पंचांग पाहावे लागते. अक्षय्य तृतीया २०२४ मध्ये १० मे रोजी होती आणि २०२५ मध्ये ३० एप्रिल रोजी. या दिवसाच्या आसपास हापूसची मागणी वाढते, त्यामुळे नुसता एप्रिल एप्रिलशी ताडला, तर २०२५ चा एप्रिल सणामुळेच उजवा दिसेल. म्हणून १५ मार्च ते ३१ मे हा संपूर्ण हंगाम घ्यावा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवते. दोन हंगामांपलीकडे मागे पाहायचे असेल, तर दर महिन्याचे आकडे स्वतःच्या शीटमध्ये उतरवून ठेवावे लागतात.

समजा, २०२४ च्या हंगामात एकूण ६,००० क्लिक आले आणि २०२५ मध्ये ७,८००. म्हणजे ३० टक्के वाढ. संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्या संस्थेने हा आकडा ठळक अक्षरांत दिला आणि मजकुरावर केलेल्या मेहनतीचे हे फळ आहे, असे लिहिले. गाळणी लावल्यावर फुलाचे शोध योग्य खान्यात घालून चित्र असे निघाले: ब्रँडेड २,००० वरून ३,९०० झाले, नॉन-ब्रँडेड २,६०० वरून २,३०० झाले, आणि लपलेले १,४०० वरून १,६०० झाले. नाव शोधणारे जवळजवळ दुप्पट झाले आणि वस्तू शोधून येणारे सुमारे १२ टक्क्यांनी घटले.

येथे संस्था म्हणू शकते की खरी नॉन-ब्रँडेड वाढ लपलेल्या भागात आहे. तो युक्तिवाद तपासता येतो. लपलेले सर्वच्या सर्व क्लिक नॉन-ब्रँडेड आहेत असे दोन्ही वर्षांसाठी मानले, तर २०२४ मध्ये ४,००० आणि २०२५ मध्ये ३,९०० होतात. दोन्ही वर्षांना हा सर्वांत उदार हिशोब लावूनही वाढ दिसत नाही. लपलेला भाग वेगळा ठेवण्याचा हा फायदा आहे: त्याचे अचूक स्वरूप न कळताही निष्कर्ष कोणत्या मर्यादेपर्यंत टिकतो हे सांगता येते. हे टोक ओलांडून वाढ निघाली असती, तर मात्र ‘निश्चित सांगता येत नाही’ एवढेच लिहिणे प्रामाणिक ठरले असते.

मग ब्रँडेड शोध कशामुळे वाढले? दुकानाने त्या वर्षी ठाणे आणि पुण्यातील दोन प्रदर्शनांत गाळे घेतले होते. शोध कोणत्या शहरातून आले हे सर्च कन्सोल सांगत नाही, ते देशापर्यंतच थांबते. पण आलेखात ब्रँडेड रेघ प्रदर्शनांच्या आठवड्यांत चढते की नाही हे पाहता येते. चढत असेल, तर श्रेय गाळ्याला जाते. गूगल तेथे पत्ता सांगण्याचेच काम करत होते.

याच कारणामुळे ‘सरासरी स्थान’ हा आकडा मिश्र अहवालात वाचू नये. ब्रँडेड शोधांत दुकान पहिल्या क्रमांकावर असते आणि वस्तूच्या शोधांत दहाव्या-विसाव्या. नाव शोधणारे वाढले, की एकाही पानाचे स्थान न सुधारता सरासरी सुधारते. उलट एखादा नवा लेख अनेक शोधांत तिसाव्या क्रमांकावर दिसू लागला, की ती बिघडते, जरी ती चांगली सुरुवात असली तरी.

जाहिरातींची विभागणी आधीच करावी

गूगल अ‍ॅड्समध्ये एक सोय आहे जी नैसर्गिक निकालांत नाही: येथे शोध आल्यानंतर वर्गवारी करत बसण्याऐवजी आधीच दोन वेगळ्या मोहिमा करता येतात. एका मोहिमेत फक्त दुकानाच्या नावाचे कीवर्ड ठेवावेत, दुसरीत वस्तूंचे. परंतु एवढ्याने काम होत नाही. ‘हापूस आंबा ऑनलाइन’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे जुळत्या अर्थाच्या शोधांनाही जाहिरात दाखवण्याच्या सेटिंगवर असेल, तर `surangi hapus price` या शोधालाही तीच जाहिरात दिसू शकते, आणि ती ऑर्डर कीवर्डच्या अहवालात नॉन-ब्रँडेड म्हणून मोजली जाते. म्हणून दुसऱ्या मोहिमेत दुकानाचे नाव निगेटिव्ह कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्यावर जाहिरात दाखवायची नाही असा शब्द म्हणून घालावे, तेही फ्रेज मॅचमध्ये, म्हणजे ते नाव शोधात कुठेही आले तरी जाहिरात अडेल अशा रीतीने, आणि रोमन व देवनागरी रूपे स्वतंत्रपणे घालावीत. पहिल्या मोहिमेत गजरा, फूल हे शब्द निगेटिव्ह ठेवावेत. जाहिरात कुठे आणि कोणाला दाखवायची हे गूगलच ठरवते अशी परफॉर्मन्स मॅक्स प्रकारची मोहीम चालू असेल, तर तिच्या सेटिंगमध्ये ब्रँड वगळण्याचा पर्याय आहे. तो लावला नाही, तर ती मोहीम नावाच्या शोधांवरच्या स्वस्त ऑर्डरी गोळा करून स्वतःची कामगिरी चांगली दाखवू शकते.

दर आठवड्याला `Search terms` अहवाल उघडून दुसऱ्या मोहिमेत नावाचे एखादे रूप शिरले का हे पाहावे आणि सापडलेले निगेटिव्ह यादीत घालावे. या अहवालातही क्वचित येणारे शोध दाखवले जात नाहीत. तरी निगेटिव्ह शब्द जाहिरात दिसण्याआधीच काम करत असल्यामुळे न दिसणारे शोधही बऱ्याच अंशी योग्य मोहिमेतच पडतात.

विभागणीनंतर आपल्या दुकानाचे एका हंगामाचे आकडे असे आले असे मानू. ब्रँडेड मोहिमेवर १२,००० रुपये खर्च आणि १५० ऑर्डरी, म्हणजे प्रत्येकी ८० रुपये. नॉन-ब्रँडेडवर ६०,००० रुपये आणि १०० ऑर्डरी, म्हणजे प्रत्येकी ६०० रुपये. एकत्र केल्यास ७२,००० रुपयांत २५० ऑर्डरी, म्हणजे प्रत्येकी २८८ रुपये. एका पेटीमागे दुकानाला ३०० रुपये सुटत असतील, तर मालक एकत्रित आकडा पाहून म्हणेल की जाहिरात फायद्यात आहे, खर्च दुप्पट करू या. पण नाव शोधणारे लोक मर्यादित असतात आणि बजेट वाढवल्याने ते वाढत नाहीत. वाढीव पैसा जवळजवळ सगळा दुसऱ्या मोहिमेत जाईल, जेथे प्रत्येक ऑर्डर ६०० रुपयांना किंवा त्याहून महाग पडेल, आणि पहिल्याच पेटीवर किमान ३०० रुपयांचा तोटा होईल. तो खर्च करूच नये असे नाही. तोच ग्राहक पुढची तीन वर्षे दर हंगामाला दोन पेट्या घेणार असेल, तर तो वसूल होतो. पण तो निर्णय २८८ या आकड्यावर घेता येत नाही.

ब्रँडेड मोहिमेच्या ८० रुपयांकडेही थोड्या संशयाने पाहावे. ईबे कंपनीतील प्रयोगांवर आधारित आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासात असे दिसले होते की ईबेच्या नावाच्या शोधांवरील जाहिराती थांबवल्यावर त्यांच्यावरचे ९९.५ टक्के क्लिक जाहिरात नसलेल्या निकालातून तसेच मिळाले. ईबेइतके नाव प्रसिद्ध नसलेल्या किंवा ज्यांच्या नावावर प्रतिस्पर्धी जाहिरात करतात अशा दुकानांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. आंब्याचा हंगाम नसताना, एखाद्या शहरापुरती ही मोहीम दोन आठवडे बंद ठेवून त्या शहरातील ऑर्डरी किती घटतात हे पाहणे अधिक उपयोगी ठरते.

ग्राहक नवा आहे हे ऑर्डरवहीतून ठरवावे

येथपर्यंत शोधांची विभागणी झाली, पण नॉन-ब्रँडेड म्हणजे नवा आणि ब्रँडेड म्हणजे जुना हे समीकरण ढोबळच आहे. प्रदर्शनात आंबा चाखून घरी जाऊन नाव शोधणारी व्यक्ती ब्रँडेड शोधातून येते, तरी ती पूर्णपणे नवी ग्राहक असते. उलट गेल्या वर्षीचा ग्राहक नाव विसरून ‘हापूस पेटी’ शोधत पुन्हा तुमच्याकडेच पोहोचू शकतो. गूगल अ‍ॅनालिटिक्समधील ‘नवा वापरकर्ता’ या प्रश्नाचे उत्तर देत नाही, कारण तो ब्राउझर ओळखतो, माणूस नव्हे. मोबाइल बदलला की जुना ग्राहक नवा होतो.

माणूस ओळखण्यासाठी ऑर्डर देणाऱ्याचा मोबाइल क्रमांक बऱ्यापैकी भरवशाचा असतो. परदेशातील मुलगी पुण्यातील आईवडिलांसाठी पेटी मागवते, तेव्हा पेटी स्वीकारणाऱ्याचा नव्हे, तर पैसे देणाऱ्याचा क्रमांक धरावा. ऑर्डरींच्या शीटमध्ये A स्तंभात तारीख आणि B स्तंभात क्रमांक असेल, तर पहिली खरेदी अशी ओळखता येते:

```
=IF(COUNTIFS(B:B,B2,A:A,"<"&A2)=0,"नवा","जुना")
```

त्याआधी सर्व क्रमांक एकाच रूपात आणावेत. एकाच ग्राहकाचा क्रमांक एकदा +९१ लावून आणि एकदा मध्ये जागा सोडून लिहिला असेल, तर सूत्राला ती दोन माणसे वाटतात. शीटमध्ये मागील किमान दोन-तीन हंगामांच्या ऑर्डरी असाव्यात, नाहीतर पहिल्या वर्षी सगळेच नवे ठरतील.

आता ही वही मोहिमेशी जोडायची. अ‍ॅनालिटिक्सच्या `Explore` भागात `Transaction ID` आणि `Session campaign` हे दोन स्तंभ घेऊन यादी काढावी आणि ऑर्डर क्रमांकावरून ती शीटमध्ये मिळवावी. समजा, ब्रँडेड मोहिमेच्या १५० ऑर्डरींत ६० ग्राहक नवे निघाले आणि नॉन-ब्रँडेडच्या १०० मध्ये ८०. तर एका नव्या ग्राहकामागे पहिल्या मोहिमेत २०० रुपये आणि दुसरीत ७५० रुपये पडले. मात्र पहिल्यातील ६० जणांना नाव कोणी सांगितले हे मोहिमेला ठाऊक नसते, त्यामुळे तो २०० रुपयांचा आकडा प्रदर्शनाच्या भाड्याशिवाय अपुरा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ऑर्डरी या यादीत येणारच नाहीत. कोकणातल्या अनेक छोट्या दुकानांचा मोठा धंदा तेथेच चालतो, म्हणून ऑर्डर घेताना ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढे विचारून उत्तर वहीत लिहावे.

जाहिरातीशिवाय आलेल्या क्लिकांसाठी असे जोडकाम करता येत नाही, कारण कोणत्या शोधातून कोणती ऑर्डर आली हे गूगल संकेतस्थळाला सांगत नाही. तेथे पानांचा आधार घ्यावा लागतो. सर्च कन्सोलमध्ये एका वेळी एक पान निवडून त्यावर वरचीच ब्रँड गाळणी लावली, की त्या पानावरचा ब्रँडेड वाटा दिसतो. मुखपृष्ठावर तो बहुतेक सगळा ब्रँडेड असतो, आणि ‘नैसर्गिकरीत्या पिकलेला हापूस कसा ओळखावा’ अशा लेखावर बहुतेक सगळा नॉन-ब्रँडेड. अशा स्वच्छ पानांवरून आलेल्या ऑर्डरी त्या त्या खान्यात घालाव्यात. पेटीच्या विक्रीपानावर दोन्हींची सरमिसळ असते. तेथे क्लिकांच्या प्रमाणात ऑर्डरी वाटून देण्याचा मोह होतो, पण नाव शोधून आलेला माणूस खरेदी करण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून त्या वाटपात नॉन-ब्रँडेडला त्याच्या हक्कापेक्षा जास्त ऑर्डरी मिळतात. त्या पानाच्या ऑर्डरी ‘मिश्र’ अशा वेगळ्या ओळीत दाखवणे अधिक सुरक्षित.

मासिक अहवालात मग जाहिरातीशिवायच्या क्लिकांसाठी ब्रँडेड, नॉन-ब्रँडेड आणि लपलेले अशा तीन ओळी, दोन मोहिमांसाठी खर्च, ऑर्डरी आणि नव्या ग्राहकांची संख्या, आणि पानांवरून आलेल्या ऑर्डरी एवढेच लागते. त्याच शीटमध्ये एका कोपऱ्यात त्या महिन्यात वापरलेली रेजेक्सची ओळ तारखेसह चिकटवून ठेवावी. पुढे नावाचे नवे रूप सापडून ओळ बदलली, की जुन्या महिन्यांचे आकडे नव्या ओळीने पुन्हा काढावे लागतात. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंत ते शक्य असते, आणि त्याआधीच्या महिन्यांपुढे ‘जुन्या ओळीनुसार’ असे लिहून ठेवावे लागते.